आकृती वारंवार ‘रिझोल्यूशन कमी’ म्हणून परत येते: आधी छापील रुंदी ठरवा

पेपर स्वीकारला जातो, रिव्ह्यूअरच्या शंका मिटतात आणि मग जर्नलच्या निर्मिती विभागाकडून एका ओळीचा निरोप येतो: आकृती ३चं रिझोल्यूशन अपुरं आहे, सुधारून पाठवा. आपण सुधारून पाठवतो. पुन्हा तोच निरोप. सोलापुरात रसायनशास्त्र, वस्त्रोद्योग, कृषी अशा विषयांत काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. निरोपात रिझोल्यूशन लिहिलेलं असतं, म्हणून सगळे डीपीआयच्या, म्हणजे इंचामागे किती पिक्सेल या आकड्याच्या, मागे लागतात. खरी चूक त्याच्या आधीच झालेली असते: आकृती छापून किती मिलिमीटर रुंद होणार, हे न ठरवताच ती काढलेली असते.

अलीकडचंच एक प्रकरण सविस्तर सांगतो. त्यात एकामागून एक अशा सगळ्याच अडचणी आल्या होत्या.

टॉवेल रंगवल्यानंतर उरणाऱ्या पाण्यातला लाल रिॲक्टिव्ह रंग झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण वापरून प्रकाशात किती लवकर विघटित होतो, असा त्या विद्यार्थिनीचा विषय. आकृती ३मध्ये दोन भाग होते. डावीकडे कणांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं एसईएम छायाचित्र, उजवीकडे आलेख: उत्प्रेरकाच्या चार मात्रा, प्रत्येकीची एक रेषा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर शिल्लक रंगाचं प्रमाण. दोन्ही भाग तिने पॉवरपॉइंटच्या एका स्लाइडवर शेजारी शेजारी ठेवले, अ आणि ब अशी खूण केली आणि स्लाइड पीएनजी म्हणून सेव्ह केली. आपल्याकडे बहुतेक जण असंच करतात.

जर्नलची अट अशी होती: एका स्तंभाची आकृती ९० मिमी रुंद, दोन स्तंभांची १९० मिमी. नुसतं छायाचित्र असेल तर ३०० डीपीआय, छायाचित्र आणि अक्षरं-रेषा एकत्र असतील तर ५००, नुसत्या रेषा असतील तर १०००. एल्सेव्हिअरच्या जर्नलांत साधारण हेच आकडे दिसतात. स्प्रिंगरच्या बऱ्याच जर्नलांत रुंदी ८४ आणि १७४ मिमी असते, नेचरमध्ये ८९ आणि १८३. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, हिशेब तोच राहतो. म्हणून आपल्या जर्नलच्या लेखक-सूचनांमधून सर्वांत आधी रुंदीचा आकडा शोधून कागदावर लिहून ठेवा.

पहिल्यांदा का परत आली

नेहमीची रुंद स्लाइड १३.३३ इंच असते. पॉवरपॉइंट ती चित्र म्हणून सेव्ह करताना, सेटिंग बदललेलं नसेल तर, इंचाला ९६ पिक्सेल घेतो. म्हणजे चित्र झालं १२८० पिक्सेल रुंद. आकृती दोन स्तंभांत बसणार होती, म्हणजे १९० मिमी. इंचाला २५.४ मिमी, म्हणून १९० मिमी म्हणजे ७.४८ इंच. आता १२८० भागिले ७.४८ करा. उत्तर येतं १७१. जर्नलला हवेत ५००, आपण दिले १७१.

डीपीआयचा हिशेब एवढाच आहे: पिक्सेल भागिले छापील इंच. रुंदी माहीत नसेल तर डीपीआयच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. हेच १२८० पिक्सेल ६५ मिमी रुंदीत छापले तर बरोबर ५०० डीपीआय होतात आणि पानभर पसरले तर दीडशेच्या आसपास येतात.

त्या स्लाइडमध्ये आणखी एक नुकसान झालं होतं, ते पटकन दिसत नाही. एसईएम यंत्रातून आलेली मूळ टिफ फाइल एकटीच १२८० पिक्सेल रुंद होती. स्लाइडच्या अर्ध्या भागात बसवून एक्सपोर्ट केल्यावर त्या छायाचित्राच्या वाट्याला उरले ६४० पिक्सेल. चांगली मूळ प्रतिमा हातात असताना तिचा निम्मा तपशील वाटेतच सांडला. वर्डमध्ये चित्र टाकून सेव्ह केलं, किंवा सहलेखकाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं, तरीही असंच काहीसं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याने फाइल जशीच्या तशी पोचते.

दुसऱ्यांदा का परत आली

निरोप वाचून तिने चित्र एका संपादन प्रोग्राममध्ये उघडलं, रिझोल्यूशनच्या चौकटीत ९६च्या जागी ५०० लिहिलं आणि सेव्ह केलं. फाइलच्या माहितीत आता ५०० डीपीआय दिसत होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनाही ते बरोबर वाटलं. पण चित्रात पिक्सेल अजूनही १२८०च होते. बदलली ती फक्त चिठ्ठी, ‘हे चित्र एवढ्या इंचांत छापा’ असं सांगणारी. ५०० लिहिल्यावर त्या चिठ्ठीचा अर्थ ‘२.५६ इंचांत छापा’ असा झाला. जर्नलने ते पुन्हा १९० मिमीला ताणलं आणि पुन्हा १७१ मिळाले.

मग कोणीतरी सांगितलं की रीसॅम्पल कर. तिने केलं: १२८०चे ३७४० पिक्सेल झाले, फाइल काही एमबीची झाली. ५०० डीपीआयसाठी १९० मिमीला ३७४० पिक्सेल लागतात, तेव्हा आकडा अचूक होता. जर्नलच्या संगणकाने ती घेतलीसुद्धा. परत पाठवली ती माणसाने, कारण अक्षरांच्या कडा धूसर होत्या आणि अक्षाच्या रेषेभोवती राखाडी सावली दिसत होती. टॉवेल ताणला म्हणून त्यातले धागे वाढत नाहीत. प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, नवा तपशील कुठूनच येत नाही.

आपली फाइल अशी फुगवलेली आहे का, हे ओळखणं सोपं आहे. पडद्यावर चारशे टक्के मोठी करा आणि एखाद्या अंकाची कड बघा, शक्यतो ५ किंवा ८ची. खऱ्या रिझोल्यूशनच्या चित्रात काळ्यातून पांढऱ्यात जाताना एखादा पिक्सेल राखाडी दिसतो. फुगवलेल्या चित्रात तीन-चार पिक्सेलांचा राखाडी पट्टा दिसतो. जेपीजीमधून आलेलं असेल तर अक्षरांभोवती ठिपक्याठिपक्यांची घाणही दिसते. असं दिसलं की ती फाइल बाजूला ठेवा. तिच्यावर कितीही वेळ घातला तरी ती सुधारत नाही. मूळ आकडेवारीकडे आणि मूळ टिफकडे परत जाणं हाच एक मार्ग उरतो.

दुरुस्ती: रुंदीपासून सुरुवात

आम्ही आकृती नव्याने काढायला बसलो आणि पहिला निर्णय रुंदीचाच घेतला. दोन भाग शेजारी शेजारी हवे होते, म्हणून १९० मिमी. उंची ७५ मिमी पुरेशी होती. कॅनव्हासच त्या मापाचा घेतला, म्हणजे पुढे कोणालाही ती लहानमोठी करावी लागणार नाही.

याचा सर्वांत मोठा फायदा अक्षरांना होतो. जुन्या स्लाइडवर अक्षांची नावं १२ पॉइंटची होती, आकडे १० पॉइंटचे. स्लाइड १३.३३ इंचांवरून ७.४८ इंचांवर आली की सगळंच ०.५६ पट होतं: १२चे ६.७ आणि १०चे ५.६. जर्नलला किमान ७ पॉइंट हवे होते. म्हणजे रिझोल्यूशनची अडचण सुटली असती तरी पुढच्या फेरीत अक्षरं लहान म्हणून आकृती परत आलीच असती. पायथनमध्ये आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिबमध्ये काही न सांगता काढलेला आलेख ६.४ इंच रुंद असतो आणि त्यातली अक्षरं १० पॉइंटची. तो ९० मिमीच्या स्तंभात बसवला की अक्षरं साडेपाच पॉइंटवर येतात. पडद्यावर छान दिसणारा आलेख छापल्यावर वाचता येत नाही, त्याचं कारण हेच.

कोड अगदी छोटा आहे:

```python
import matplotlib.pyplot as plt

plt.rcParams.update({"font.family": "Arial", "font.size": 8,
                     "pdf.fonttype": 42, "lines.linewidth": 1})
mm = 1 / 25.4
fig, (a, b) = plt.subplots(1, 2, figsize=(190*mm, 75*mm),
                           layout="constrained")
a.imshow(plt.imread("sem.tif"), cmap="gray", interpolation="none")
a.axis("off")
# b वर चार रेषा
fig.savefig("fig3.pdf")
```

यातल्या तीन गोष्टींवर थोडं थांबतो.

पहिली गोष्ट इथे जी नाही ती. बरेच जण सवयीने `savefig` मध्ये `bbox_inches="tight"` लिहितात. त्याने कडेची पांढरी जागा कापली जाते आणि पानाचं माप बदलतं. आपण १९० मिमी मागितले, फाइल निघाली १८२ किंवा १९४ची. जर्नल ती पुन्हा १९०ला बसवणार आणि आपला ८ पॉइंटचा हिशेब बिघडणार. कडेची जागा आवरण्यासाठी `layout="constrained"` वापरा. त्यात माप तेवढंच राहतं.

दुसरी, `pdf.fonttype`. मॅटप्लॉटलिब पीडीएफमध्ये आपणहून टाइप ३ प्रकारचे फॉन्ट घालतो आणि पुष्कळ जर्नलांची तपासणी यंत्रणा ते नाकारते. ४२ लिहिलं की ट्रूटाइप फॉन्ट जातात आणि अक्षरं फाइलमध्ये अक्षरं म्हणूनच राहतात. लिनक्सवर एरिअल नसेल तर प्रोग्राम एक इशारा देऊन दुसराच फॉन्ट घेतो. तो इशारा वाचायला विसरू नका.

तिसरी गोष्ट छायाचित्राची. `interpolation="none"` दिल्यावर एसईएमचे मूळ पिक्सेल पीडीएफमध्ये जसेच्या तसे जातात. ते न दिल्यास प्रोग्राम आपल्या ठरावीक डीपीआयला चित्र पुन्हा मोजून घालतो, आणि तो आकडा आपण सांगितला नसेल तर शंभरच असतो. छायाचित्र मग नकळत पुन्हा खराब होतं.

ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांनी पॉवरपॉइंट सोडायची गरज नाही. डिझाइनमधून स्लाइडचं मापच १९ सेमी गुणिले ७.५ सेमी करा आणि अक्षरं त्याच मापावर ८ पॉइंटची ठेवा. एक्सेलचा आलेख चित्र म्हणून न चिकटवता आलेख म्हणूनच चिकटवा आणि शेवटी पीएनजीऐवजी पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पर्यायांमधल्या प्रगत विभागात चित्रांचं कॉम्प्रेशन बंद करायची खूण आहे, ती छायाचित्र टाकायच्या आधी करा. आर वापरणाऱ्यांनी `ggsave` मध्ये `width = 190, units = "mm"` असं सरळ लिहावं.

व्हेक्टर म्हणजे नक्की काय पाठवायचं

पीडीएफ, ईपीएस आणि एसव्हीजी या फाइलींत रेषा रेषा म्हणून साठवता येते: इथून तिथपर्यंत, एवढ्या जाडीची. तिला पिक्सेलच नसतात, म्हणून डीपीआयचा प्रश्नही नसतो. आलेखासाठी हजार डीपीआयची टिफ करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सरळ. जर्नल व्हेक्टर घेत असेल तर आलेख व्हेक्टरच पाठवावा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र फाइलचं आडनाव पीडीएफ असलं म्हणून आत व्हेक्टर असतंच असं नाही. पीएनजी उघडून पीडीएफ म्हणून सेव्ह केलं तर आत तेच १२८० पिक्सेल बसलेले असतात. शंका असेल तर रेषा हजारो टक्के मोठी करून बघा. धार तशीच राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर चित्र. दुसरी खूण म्हणजे अक्षाचं नाव माउसने निवडून कॉपी करता येतं का बघा.

छायाचित्र मात्र पिक्सेलांचंच राहणार, त्याला व्हेक्टर करता येत नाही. आमच्या आकृतीत ते साधारण ८६ मिमी रुंद बसलं. १२८० पिक्सेल भागिले ३.३९ इंच म्हणजे ३७८ डीपीआय. विद्यार्थिनीने लगेच विचारलं, “सर, पण एकत्र आकृतीला ५०० पाहिजेत ना?” प्रश्न रास्त होता. ५००ची अट अशा फाइलसाठी असते जिच्यात अक्षरं आणि रेषाही पिक्सेल होऊन छायाचित्रात मिसळलेल्या असतात. तिथे अक्षरांच्या कडांसाठी जास्त पिक्सेल लागतात. आपल्या पीडीएफमध्ये अक्षरं आणि रेषा व्हेक्टर आहेत, पिक्सेल फक्त छायाचित्राचे आहेत आणि छायाचित्राला ३०० पुरतात. तेच छायाचित्र एकट्याने १९० मिमी रुंद छापायचं ठरवलं असतं तर १७१च मिळाले असते. तेव्हा उपाय दोनच: लहान छापणं, किंवा यंत्रावर जास्त पिक्सेलांची प्रतिमा नव्याने घेणं. परगावी जाऊन एसईएम करून आणणाऱ्यांनी म्हणूनच तिथल्या ऑपरेटरकडून सर्वांत जास्त पिक्सेलांची टिफ आठवणीने मागून घ्यावी. जेपीजीवर समाधान मानू नये.

एसईएमखालच्या काळ्या पट्टीचंही इथेच बघून घ्यावं. पट्टीत ‘१०,००० पट’ असं लिहिलेलं असतं. आपण चित्र लहानमोठं केलं की तो आकडा खोटा ठरतो. मोजपट्टीची रेष मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती खरी राहते. पण तिच्याशेजारची अक्षरं ८६ मिमीत वाचता येत नाहीत. आम्ही पट्टी कापली. कापण्याआधी मूळ टिफमध्ये १ मायक्रोमीटरची रेष किती पिक्सेल लांब आहे ते मोजलं, ती २०० पिक्सेल भरली. `imshow` मध्ये अक्षाचं एकक पिक्सेलच असतं, म्हणून छायाचित्रावर २०० एकक लांबीची पांढरी रेष व्हेक्टरमध्ये काढली आणि तिच्यावर ८ पॉइंटमध्ये १ मायक्रोमीटर लिहिलं.

व्हेक्टरच्या दोन मर्यादा सांगायला हव्यात. ईपीएसमध्ये पारदर्शकता चालत नाही. त्रुटीच्या मर्यादा दाखवणारा फिकट पारदर्शक पट्टा मॅटप्लॉटलिबच्या ईपीएसमध्ये गडद होऊन त्याच्या खाली जे असेल ते झाकून टाकतो. असा पट्टा असेल तर पीडीएफ पाठवा, नाहीतर त्याला आधीच फिकट पण अपारदर्शक रंग द्या. दुसरं, हजारो ठिपक्यांचा आलेख व्हेक्टरमध्ये इतका जड होतो की संपादकाचा संगणक उघडतानाच अडकतो. तिथे फक्त ठिपक्यांना `rasterized=True` द्या आणि सेव्ह करताना `dpi=600` लिहा. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहतात.

जर्नल फक्त टिफ घेत असेल तरी काम व्हेक्टरमध्येच करा आणि अगदी शेवटी पॉपलर या संचातल्या आज्ञेने रूपांतर करा:

```
pdftoppm -r 600 -tiff -tiffcompression lzw -singlefile fig3.pdf fig3
```

१९० मिमीला ६०० डीपीआयने सुमारे ४४८८ पिक्सेल येतात. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनमध्ये तपशील गमावला जात नाही, त्यामुळे निर्धास्त वापरा.

लाल आणि हिरवी रेषा

आता रंग. ही तक्रार निर्मिती विभागाकडून क्वचित येते, रिव्ह्यूअरकडून येते, आणि आजकाल अनेक जर्नलांच्या सूचनांतच लाल-हिरवी जोडी टाळा असं लिहिलेलं असतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आहे, पण आपला पेपर वाचणारा कुठे बसला आहे हे आपल्या हातात नाही.

तिच्या आलेखात चार मात्रा होत्या: लिटरला ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ ग्रॅम. रेषा लाल, हिरवी, नारिंगी आणि तपकिरी. रंग लाल आहे म्हणून सर्वांत जास्त रंग शिल्लक राहिलेली रेषा लाल, आणि सर्वांत स्वच्छ पाणी देणारी हिरवी, असा तिचा विचार होता. विचार समजण्यासारखा आहे, पण नेमक्या याच दोन रेषांची तुलना हा पेपरचा गाभा होता.

एक छोटा हिशेब करून बघितला. रंगीत चित्र राखाडी करताना बरेच प्रोग्राम लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घेतात. तिचा लाल होता `#FF0000`, हिरवा `#008000`. लालचं उत्तर २५५ गुणिले ०.२९९, म्हणजे ७६. हिरव्याचं १२८ गुणिले ०.५८७, म्हणजे ७५. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये दोन्ही रेषा एकाच राखाडी रंगाच्या. रंग ओळखण्यात अडचण नसलेला माणूससुद्धा झेरॉक्सवर त्या वेगळ्या करू शकणार नाही.

इथे बहुतेक लेखांत ‘ओकाबे-इतो रंगसंच वापरा’ असं लिहितात. मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी सुचवलेला आठ रंगांचा तो संच उत्तमच आहे. निळा `#0072B2` आणि शेंदरी `#D55E00` ही त्यातली जोडी मी सर्वांत आधी उचलतो. पण तो संच वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टींसाठी आहे: तीन वेगळे उत्प्रेरक, दोन वेगळ्या विहिरी, ज्वारीचे वेगळे वाण. आपल्या रेषा वेगळ्या प्रकारच्या नाहीत, एकाच गोष्टीच्या चढत्या मात्रा आहेत. तेव्हा रंगांतही चढ दिसायला हवा: फिकटाकडून गडदाकडे. वाचणाऱ्याला सूची न बघताच कळतं की गडद रेषा म्हणजे जास्त मात्रा.

आम्ही विरिडिस ही रंगपट्टी घेतली. मॅटप्लॉटलिबने २०१७च्या २.० आवृत्तीपासून जुनी जेट पट्टी काढून हीच मूळ पट्टी केली, कारण तिच्यात उजेड एकसारखा वाढत जातो आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यालाही क्रम दिसतो. फक्त तिचं पिवळं टोक पांढऱ्या कागदावर एक पॉइंटच्या रेषेत जवळजवळ दिसत नाही, म्हणून ते सोडलं:

```python
rang = plt.cm.viridis([0.8, 0.53, 0.27, 0.0])
khun = ["o", "s", "^", "D"]
```

ओकाबे-इतोमधला पिवळा `#F0E442` सुद्धा बारीक रेषेसाठी याच कारणाने टाळावा. मात्रांच्या चार रेषांशिवाय असलेली, प्रकाश न देता केलेल्या नियंत्रण प्रयोगाची रेषा आम्ही राखाडी आणि तुटक ठेवली, कारण ती मात्रांच्या क्रमात बसत नाही. प्रत्येक रेषेला वेगळी खूण दिली, आणि कोपऱ्यातली सूची काढून मात्रेचे आकडे रेषांच्या उजव्या टोकाशीच लिहिले. माझ्या मते कोणत्याही रंगसंचापेक्षा हा शेवटचा बदल जास्त उपयोगी आहे. रेषेशेजारी तिचं नाव असलं की रंग जुळवत बसायची वेळच येत नाही.

रंगांची खात्री पडद्यावर करायची तर कलर ओरॅकल हा मोफत प्रोग्राम आहे. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला पडदा कसा दिसतो ते तो दाखवतो. गिंपमध्येही व्ह्यू मेनूतल्या डिस्प्ले फिल्टरमध्ये ही सोय आहे. जुना आलेख त्यात बघितल्यावर विद्यार्थिनी एवढंच म्हणाली, “सर, चारही रेषा तपकिरीच झाल्या की.”

पाठवण्याआधीची तपासणी

पॉपलर संचातल्याच तीन आज्ञा बस होतात:

```
pdfinfo fig3.pdf
pdffonts fig3.pdf
pdfimages -list fig3.pdf
```

पहिलीत `Page size` बघा. १९० मिमी म्हणजे ५३८.६ पॉइंट, ७५ मिमी म्हणजे २१२.६. दुसरा आकडा दिसला तर कुठेतरी कडा कापल्या गेल्या आहेत. दुसरीत `type` या रकान्यात `Type 3` नसावं आणि `emb` खाली सगळीकडे `yes` असावं. तिसरीत फक्त छायाचित्राची एक ओळ यायला हवी आणि `x-ppi` खाली ३००च्या वर आकडा. आलेखाचीही ओळ दिसली तर तो चित्र होऊन आत गेला आहे.

मग कागद. आकृती ए४ पानावर काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर काढा. झेरॉक्सच्या दुकानातून काढणार असाल तर ‘फिट टू पेज’ची खूण काढायला सांगा आणि ‘ॲक्च्युअल साइज’ निवडायला सांगा. दुकानदार सवयीने पान भरून देतात आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. पट्टी लावून रुंदी १९० मिमी भरते का बघा. मग पान नेहमीच्या वाचायच्या अंतरावर धरून अक्षावरचे आकडे वाचा आणि चार रेषा वेगळ्या सांगता येतात का ते आकृती न पाहिलेल्या कोणाला तरी विचारा.

शेवटी एक खोटी धास्ती. फाइल अपलोड केल्यावर जर्नलची यंत्रणा सगळं एकत्र करून जी पीडीएफ दाखवते, तिच्यात आकृत्या पुष्कळदा मुद्दाम हलक्या केलेल्या असतात. त्या धूसर दिसल्या म्हणून लगेच नव्या फाइली करू नका. मूळ फाइल उतरवून घेण्याची लिंक बहुधा त्याच पानावर असते. तीच फाइल उतरवून वरच्या तीन आज्ञा पुन्हा चालवा. आकडे तेच आले तर आपली बाजू पक्की.

आकृतीसोबतच्या उत्तरात ‘सुधारित आकृती जोडली आहे’ एवढंच लिहू नका. आम्ही लिहिलं: आकृती १९० मिमी रुंदीत मूळ आकडेवारीवरून नव्याने काढली आहे, अक्षरं आणि रेषा व्हेक्टर आहेत, छापील मापावर अक्षरं ८ पॉइंटची आहेत, छायाचित्र त्याच मापावर ३७८ डीपीआय आहे, कृपया लहानमोठी न करता वापरावी. फाइल तपासणाऱ्याला ५००चा आकडा का दिसत नाही हे आधीच कळलं, आणि ती आकृती त्यानंतर परत आली नाही.